दोन दरपत्रके, एक पत्ता



आज मी सिद्धान्त मांडणार नाही, एका तरुण हिशेबनीस मुलीची गोष्ट सांगणार आहे. नावेगावे गाळली आहेत, कारण प्रश्न व्यक्तींचा नाही.

एका सहकारी साखर कारखान्यात ही मुलगी हंगामी नेमणुकीवर लागली. पुरवठादारांची बिले तपासून खतावणी करणे हे तिचे काम. कारखान्याच्या नियमाप्रमाणे तीन लाखांपर्यंतची खरेदी तीन दरपत्रके मागवून करता येई. त्यापुढे जाहीर निविदा काढावी लागे. यंत्रांच्या वंगणतेलाची त्या हंगामातली अकरा बिले तिच्यापुढे आली. प्रत्येक बिल तीन लाखांच्या किंचित आतले. प्रत्येकाला तीन दरपत्रके, तुलनातक्ता आणि खरेदी समितीच्या सह्या जोडलेल्या. एकेक बिल स्वतंत्रपणे पाहिले तर खोट काढायला जागा नव्हती. लेखापरीक्षक नमुन्यादाखल दोनतीन बिले काढून पाहतो, तेव्हा त्यालाही ती दिसत नाही, याचे कारण हेच. ती कागदात नसते, दोन कागदांच्या मध्ये असते.

दरपत्रके देणाऱ्यांत दोन खासगी कंपन्या कायमच्या होत्या. एकदा ही स्वस्त ठरे, पुढच्या वेळी ती. हरणारीचा दर तीनचार टक्क्यांनीच जास्त. तिसरे दरपत्रक कुणा तरी दुकानदाराचे, भलतेच चढे. मुलीच्या लक्षात प्रथम आला तो पत्ता. एकीच्या कागदावर ‘गाळा क्रमांक 7’, दुसरीच्या ‘दुकान नं. 7, तळमजला’, इमारतीचे नाव एकीकडे जुने, दुसरीकडे नवे. संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे पत्ते. पिनकोड आणि रस्ता मात्र एकच.

तिने घाई केली नाही, हे मला विशेष वाटते. अनेक लहान कंपन्या आपल्या सनदी लेखापालाच्या कार्यालयाचाच पत्ता नोंदवतात. म्हणून पत्ता हा संशयाला निमित्त होतो, पुरावा होत नाही. जीएसटी क्रमांकाचाही येथे उपयोग नव्हता. त्याच्या पोटात पॅन क्रमांक असतो खरा, पण दोन कंपन्यांचे पॅन वेगळेच असणार. तिने कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदी पाहिल्या. दोन्ही कंपन्यांच्या संचालकांत एक नाव सारखे निघाले. आपल्याकडे एका नावाची माणसे गावोगाव सापडतात; म्हणून तिने नावावर विसंबून न राहता संचालकाचा आठ अंकी ओळख क्रमांक ताडून पाहिला. हा क्रमांक एका व्यक्तीला एकच मिळतो आणि कंपनी बदलली तरी बदलत नाही. दोन्हीकडे तोच होता.

यातही अजून गुन्हा नव्हता. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे एक माणूस वीस कंपन्यांपर्यंत संचालक राहू शकतो. आक्षेप एवढाच की, एकाच खरेदीसाठी हे दोघे परस्परांचे स्पर्धक म्हणून उभे राहिले होते. मग तिने नेमणुकीच्या तारखा पाहिल्या. दुसऱ्या कंपनीत हा गृहस्थ हंगाम सुरू झाल्यावर आला होता; त्यापूर्वीची दोन बिले तिने यादीतून स्वतःहून काढून टाकली. उरली नऊ, एकूण 25 लाख 20 हजारांची. शेजारच्या कारखान्याने त्याच महिन्यांत त्याच प्रतीचे तेल वाहतुकीसह कोणत्या दराने घेतले, ते तिने मिळवले. आपल्या कारखान्याचा दर त्याहून बारा टक्क्यांनी अधिक होता. म्हणजे साडेबावीस लाखांच्या तेलाला 2 लाख 70 हजार जादा गेले.

मुख्य हिशेबनीस म्हणाले, “बाई, कागद पुरे आहेत. तुमची नेमणूक हंगामापुरती आहे, हे ध्यानात असू द्या.” उलाढालीच्या मानाने रक्कम किरकोळ आहे, हेही त्यांनी सांगितले. किरकोळ खरीच, पण तेलाबाबत जे घडले ते बारदान, चुना, गंधक यांबाबत घडले नसेल असे कशावरून? आणि उसाचे पैसे थकलेल्या सभासदाला ती किरकोळ वाटेल काय?

तिने कार्यकारी संचालकांना दीड पानाची टिपणी दिली व पोच घेतली. तीत ‘घोटाळा’ हा शब्द नव्हता. दोन पत्ते, एक क्रमांक, नेमणुकीच्या तारखा, नऊ बिले आणि शेजारचा दर, एवढेच होते. टिपणी संचालक मंडळापुढे गेली. दरपत्रक देणाऱ्याने आपले संचालक व संलग्न संस्था जाहीर कराव्यात, असा ठराव झाला. पुढील वर्षाचे तेल एकत्रित निविदेने घेण्याचे ठरले. निविदांतील संगनमताविरुद्धची स्पर्धा कायद्यातील कलमे 2009 पासून अमलात आहेत, पण तिकडे जाण्याची कुणाची इच्छा दिसली नाही. मुलीची नेमणूक पुढच्या हंगामात झाली नाही.

टिपणीच्या शेवटी तिने एक प्रश्न विचारला होता. दरपत्रके मागवण्याची पत्रे कोणाकोणाला पाठवायची, ही यादी दर वेळी कोण करीत होते? ठरावाची नक्कल मी वाचली आहे. तीत या प्रश्नाचा उल्लेख नाही.