अंतसमयीची शाता
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शिरूर आणि दौंड परिसरातील जैन घरांत कोणी असाध्य व्याधीने अंथरुणास खिळले की भेटीस येणारा प्रत्येक जण प्रथम एकच प्रश्न विचारतो, "शाता आहे ना?" त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो, "काही खातात का?" रोग बरा होण्याची आशा संपल्यावर पहिल्या प्रश्नाकडे जे शास्त्र लक्ष देते, त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत उपशामक शुश्रूषा. कुटुंबाची खरी परीक्षा मात्र दुसऱ्या प्रश्नापाशी होते.

उदाहरणादाखल दौंडमधील एक घर डोळ्यांसमोर आणावे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींचा जठराचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी पुढील केमोथेरपीने लाभ नाही असे सांगून त्यांना घरी पाठविले आहे. आजींनी आठ दिवसांपासून अन्न जवळजवळ टाकले आहे. थोरला मुलगा रिपोर्ट घेऊन मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याच्या तयारीत आहे. धाकटा सर्वांवर चिडतो. मुलीने आई उठून बसली तर अठ्ठाई करीन असे मनाशी ठरविले आहे. सून एकटीच स्वयंपाकघरात डोळे पुसते. आणि आजी शांतपणे म्हणतात, "आता मला आग्रह करू नका."

डॉ. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी मरणासन्न रुग्णांशी बोलून 1969 साली मनाच्या पाच अवस्था मांडल्या : नकार, संताप, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार. या घरात त्या पाचही एकाच वेळी नांदत आहेत. या अवस्था जिन्याच्या पायऱ्यांसारख्या क्रमाने येत नाहीत. कोणी एखादी वगळतो, कोणी मागे फिरतो. घरात भांडण होते ते बहुधा प्रेमाच्या अभावी नव्हे, तर प्रत्येक जण निराळ्या अवस्थेत असल्यामुळे. म्हणून थोरल्याला "वास्तव स्वीकार" असे सुनावण्यापेक्षा डॉक्टरांसमोर सर्वांनी एकत्र बसून एकच माहिती एकाच वेळी ऐकणे अधिक उपयोगी ठरते. त्या बैठकीत आजींचेही म्हणणे ऐकले गेले पाहिजे.

आता अन्नाचा प्रश्न. रुग्णाने खाणे सोडले की प्रथम पाहावे ते दुरुस्त होण्याजोगे कारण. तोंडात पांढरे चट्टे आहेत का? चार दिवस शौचास झालेले नाही का? मळमळ, वेदना किंवा खोल उदासी आहे का? यांपैकी प्रत्येकावर औषध आहे आणि ते दिल्यावर काही रुग्ण पुन्हा दोन घास घेतात. हे सर्व पाहूनही इच्छा परतत नसेल आणि रुग्ण दिवसाचा बराच काळ झोपून राहत असेल, तर शरीरच अन्न नाकारीत आहे असे समजावे. अशा वेळी रुग्ण न खाल्ल्यामुळे मरत नसतो; मरण जवळ आल्यामुळे त्याचे खाणे थांबलेले असते. हा भेद कळला की "आई उपाशी गेली" हा सल आयुष्यभर उरत नाही.

येथे सलाईनचा आग्रह धरला जातो. आजाराच्या आधीच्या टप्प्यात, उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झाले असता, सलाईन योग्यच असते. शेवटच्या दिवसांत मात्र हृदय आणि मूत्रपिंडे ते पाणी पेलू शकत नाहीत. पाय सुजतात, फुप्फुसांत पाणी साचते आणि श्वास घरघरू लागतो. ग्लानीतील रुग्णाच्या तोंडात चमच्याने पाणी ओतणेही घातक असते. ठसका लागला किंवा गळ्यात गुळगुळ आवाज आला की पाणी श्वासनलिकेत जात आहे असे ओळखावे.

त्याऐवजी तोंडाची काळजी घ्यावी. उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ कापड भिजवून, घट्ट पिळून, दर दोन तासांनी ओठ, जीभ आणि हिरड्या पुसाव्यात आणि ओठांना तूप लावावे. तहानेची बरीचशी जाणीव कोरड्या तोंडातून येते. ती एवढ्याने शमते. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी आणि टाचा व माकडहाड लाल झाले आहे का हे पाहावे. श्वास घरघरला तर कुशीवर वळवून डोके थोडे उंच ठेवावे. ज्या हातांना भरविण्याची सवय आहे, त्या सुनेच्या हातांना ही कामे द्यावीत.

वेदनेसाठी मॉर्फिन हे जुने आणि भरवशाचे औषध आहे. योग्य मात्रेत ते मृत्यू ओढून आणीत नाही. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती वेदना उठण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावी लागते आणि सोबत बहुधा बद्धकोष्ठावरील औषधही लागते. येथेच चौविहार पाळणाऱ्या रुग्णापुढे पेच उभा राहतो. सूर्यास्तानंतर गोळी घ्यायची नाही, आणि रात्र तर वेदनेची! यावर बारा तास चालणारी गोळी आहे. पण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, सातच्या सुमारास उगवतो. त्यावर नवकारसीची 48 मिनिटे धरली तर अंतर जवळजवळ चौदा तासांचे होते. वेदना स्थिर असेल आणि शरीराला अशा औषधाची सवय झाली असेल, तर त्वचेवर चिकटविण्याची फेंटॅनिलची पट्टी बहुधा तीन दिवस चालते. तिचा निर्णय डॉक्टरच करतील, परंतु व्रताची गोष्ट त्यांना आधी सांगितली पाहिजे. चौविहाराच्या पच्चक्खाणात समाधी टिकविण्यासाठी औषधाचा आगार आहे. त्याविषयी महाराजसाहेबांना विचारावे.

अन्न सुटले की कोणीतरी संथाऱ्याचा विषय काढतो. 1955 साली कुंथलगिरी येथे आचार्य शांतिसागरजींनी सल्लेखना घेतली, ती दृष्टी क्षीण होत असता, पूर्ण जागृतीत, स्वतःच्या संकल्पाने. रोगाने भूक मरणे म्हणजे संथारा नव्हे. ग्लानीतील व्यक्तीच्या वतीने नातलगांनी तो ठरविणे हे तर त्याच्या मूळ अर्थाविरुद्ध आहे. वेदनेने असह्य होऊन "मला जाऊ द्या" म्हणणाऱ्याची वेदना प्रथम शमवावी. मन शांत झाल्यावरही त्याने तीच भावना व्यक्त केली, तर तो प्रश्न त्याचा, कुटुंबाचा आणि गुरूंचा आहे. वेदनाशमन हे व्रताच्या आड येत नाही. संकल्प खरा आहे की केवळ यातनेचा उद्गार आहे, हे त्यातूनच स्पष्ट होते.

पुण्यात वारजे येथे 1997 पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर अँड ट्रेनिंग सेंटर कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते. कुटुंबालाही तेथे काळजी घेण्याचे शिकविले जाते. शिरूर-दौंडहून हे अंतर मोठे आहे. म्हणून रुग्ण हिंडता-फिरता असतानाच तेथे एकदा भेट द्यावी, औषधांची व्यवस्था लावून घ्यावी आणि मध्यरात्री कोणास विचारायचे हे ठरवून ठेवावे. अखेरच्या दिवसाची वाट पाहिली, तर धावाधाव आणि अतिदक्षता विभाग एवढेच उरते.

शेवटच्या तासांत हात-पाय गार पडतात, श्वास मधूनच थांबून पुन्हा सुरू होतो. हे स्वाभाविक आहे. रुग्ण प्रतिसाद देत नसला तरी त्याला ऐकू येत असण्याचा संभव असतो. म्हणून खोलीत गर्दी नसावी, संपत्तीची चर्चा नसावी. एकाच ओळखीच्या आवाजात नवकार मंत्र हळू म्हणावा. भेटीस येणाऱ्यांनी "काही खातात का?" हा प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवावा आणि सुनेला दोन तास झोप मिळेल एवढा वेळ रुग्णापाशी बसावे.

जय जिनेंद्र!