दवाखान्यातली पाटी



खाजगी रुग्णालयात शिरलं, की जिथे आपलं नाव लिहून घेतात तिथे भिंतीवर एक पाटी असते. तिच्यावर रुग्णांचे हक्क आणि जबाबदाऱ्या लिहिलेल्या असतात. जवळच दरांचा तक्ता असतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली नियम सुधारले. त्या नियमांप्रमाणे हे दोन्ही लावावेच लागतात. आता आपल्याला वाचता येतं, तेव्हा उभं राहून ती पाटी वाचावी. मागून कोणी "चला, चला" म्हणेल. म्हणू द्यावं.

आमच्या शेजारच्या एका शेतकरी दादांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. दादांनी पाटी वाचली. जबाबदाऱ्यांत लिहिलं होतं, की आधीचे आजार आणि चालू औषधं डॉक्टरांना सांगावीत. दादा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत होते, पण ते बोलले नव्हते. अशा गोळ्या चालू असल्या, तर ऑपरेशनमध्ये रक्त लवकर थांबत नाही. त्यांनी पुडी खिशातून काढून दाखवली. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि गोळी कधी थांबवायची ते सांगितलं. अशी गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. तिच्यावाचून हृदयाला धोका होऊ शकतो.

पुढे संमतीचा कागद आला. कुठलं ऑपरेशन, धोका काय, दुसरा उपाय आहे का, हे आपल्या भाषेत समजून घेण्याचा हक्क आहे. दादांनी कागदावरच्या रिकाम्या जागा भरून घेतल्या, मग सही केली. आम्ही कित्येकांना कोऱ्या कागदावर अंगठा देताना पाहिलं आहे.

घरी जाताना बिल आलं, फक्त एक आकडा. दादांनी तपशिलाचं बिल मागितलं. तोही हक्क आहे. त्यात खाटेचे ५ दिवस होते, दर दिवसाला १२०० रुपये. दादा सोमवारी सकाळी आले आणि शुक्रवारी सकाळी निघाले. तक्त्यावर लिहिलं होतं, की सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत एक दिवस. म्हणजे दिवस झाले ४. कारकुनाने १२०० रुपये कमी केले. भांडण झालं नाही, आवाजही चढला नाही.

बाकीचे पैसे दादांनी भरले. पाटीवर तेही लिहिलेलं असतं, आणि ते रास्तच आहे. मात्र बिलाचा वाद आहे म्हणून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही. कोणी दगावलं, तर पैशासाठी प्रेतही अडवता येत नाही. तसंच आपण डॉक्टरांवर किंवा नर्सबाईंवर हात उचलला, तर महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने ३ वर्षांपर्यंत तुरुंग आहे. मोडतोड केली, तर नुकसानीच्या दुप्पट भरावं लागतं.

तक्रार असली, तर ती आधी रुग्णालयात लेखी द्यावी आणि नकलेवर पोच घ्यावी. तिथे दाद लागली नाही, तर तक्रारीचा फोन नंबर असतो. तो पहिल्याच दिवशी वहीत उतरवून ठेवावा.