देवी निजली आहे : काळ आणि व्याप्ती



भाद्रपद वद्य अष्टमीला आपल्याकडे देवीला सिंहासनावरून पलंगावर नेतात. तिथपासून घटस्थापनेपर्यंत तिची घोरनिद्रा. त्या दिवसांत परगावच्या माणसानं विचारलं, तर आपण सांगतो, ‘देवी निजली आहे.’ मराठी शिकणारा हिंदी भाषक हेच सांगायला गेला, की बहुतेकदा म्हणतो, ‘देवी निजत आहे.’ त्याच्या भाषेत ‘सो रही है’, म्हणून त्यानं शब्दाला शब्द लावला. आपण त्याला थांबवतो, पण का थांबवलं ते आपल्याला सांगता येत नाही. ‘अहो, आम्ही असं म्हणत नाही’ एवढ्यावर विषय मिटतो. आज तो मिटू द्यायचा नाही.

दोन्ही वाक्यांत ‘आहे’ आहे. म्हणजे काळ एकच, वर्तमान. फरक आहे तो क्रियेचा कोणता भाग आपण दाखवतो यात. क्रिया चालू असताना मध्येच दाखवायची, पुरी झालेली एकगठ्ठा दाखवायची, की ती होऊन गेल्यावर मागे उरलेली स्थिती दाखवायची? याला व्याकरणात क्रियाव्याप्ती म्हणतात. मी नुसती व्याप्ती म्हणेन. काळ सांगतो, बोलण्याच्या क्षणाच्या मानानं गोष्ट अलीकडे की पलीकडे. व्याप्तीला त्या क्षणाशी कर्तव्य नाही. ती क्रियेच्या आतल्या घडणीबद्दल बोलते.

शाळेत आपण दोन्ही शिकलोय, पण एकाच नावाखाली. ‘अपूर्ण वर्तमानकाळ’, ‘पूर्ण भूतकाळ’, ‘रीती भूतकाळ’ ही नावं आठवा. यांतला दुसरा शब्द काळ सांगतो, पहिला व्याप्ती. साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती हे चार आणि वर्तमान, भूत, भविष्य हे तीन. चार त्रिक बारा. या बारांनाच आपण ‘बारा काळ’ म्हणतो आणि घोटाळ्याची सुरुवात तिथे होते. काळ तीनच. पाणिनीनं भूतकाळासाठी लुङ्, लङ्, लिट् असे वेगवेगळे लकार सांगितले, पण त्यांची वाटणी आजचं की आजच्या आधीचं, डोळ्यांदेखत घडलेलं की परोक्ष, अशी आहे. व्याप्तीला वेगळं घर आपल्या परंपरेत उशिरा मिळालं, असं मला वाटतं.

आता पुन्हा देवीकडे. मराठीत निजणे हे क्रियापद मुळात जागेपणातून झोपेत जाण्याचं आहे. ते जाणं संपलं, की मागे एक स्थिती उरते. ती दाखवायला आपण ‘निजली’ हे पुरं झालेलं रूप घेतो आणि त्याला ‘आहे’ जोडतो. ‘निजते आहे’ म्हटलं, तर ती अजून आडवी होतेय, डोळा लागायचाय. बसणे, टेकणे, उभे राहणे, नेसणे ही याच घराण्यातली. ‘बाई साडी नेसते आहे’ म्हणजे निऱ्या अजून हातात आहेत, दारात थांबा. ‘बाई हिरवी साडी नेसली आहे’ म्हणजे हिरव्या साडीत समोर उभी आहे. काळ दोन्हीकडे वर्तमानच.

कानडी मुलखातून येणाऱ्या भाविकांना ही अडचण कमी येते. कानडीत ‘मलगिद्दाळे’ म्हणतात. त्याची फोड केली तर ‘निजून आहे’. घडण आपल्यासारखीच. हिंदीतही ‘सोई हुई है’ आहेच, पण बोलताना ‘सो रही है’ आधी तोंडात येतं.

मात्र ‘-ली आहे’ म्हणजे नेहमी चालू स्थिती, असा नियम पाठ करू नका. ‘ती जेवली आहे’ म्हणजे ताट उचललं गेलं. जेवण्यातून निजण्यासारखी बघता येईल अशी स्थिती मागे उरत नाही, म्हणून तिथे नुसतं ‘झालं’ एवढंच कळतं. रूप एकच, पण क्रियापदाच्या जातीप्रमाणे अर्थ फिरतो. शिकणारा अडखळतो तो इथे, आणि त्याला रूपावली पुन्हा घोकायला लावून काही उपयोग नसतो.

दुसरीकडे, काळ एक ठेवून व्याप्ती बदलून बघा. ‘तो सोलापूरला जात होता.’ पोचला का? सांगता येत नाही. पुढे ‘पण वाटेत गाडी बंद पडली’ असं खुशाल जोडता येतं. ‘तो सोलापूरला गेला.’ आता ते शेपूट जोडता येत नाही, जोडलं तर ऐकणारा तुमच्या तोंडाकडे बघेल. ‘तो सोलापूरला गेला होता’ म्हटलं, की बहुधा परतही आलेला असतो. ‘पूर्वी तो दर मंगळवारी सोलापूरला जायचा’ यात एक फेरी नाही, वहिवाट आहे. चारही वाक्यं भूतकाळाची. त्यांना वेगळं करते ती व्याप्ती.

तरी कोणी म्हणेल, ‘गेला’, ‘आला’ ही रूपं तर भूतकाळाचीच ना? मग हे ऐका. ‘उद्या तो आला, की त्याला किल्ली दे.’ उद्या आणि आला, शेजारी शेजारी. आई हाक मारते आणि आपण जागचे न हलता ओरडतो, ‘आलो!’ एसटी वळणावर दिसली, की थांब्यावरचा माणूस म्हणतो, ‘चला, आली गाडी.’ यांतलं काहीच घडून गेलेलं नाही. पहिल्या वाक्यात येणं पुरं होईल तेव्हा किल्ली द्यायची आहे. बाकी दोन्हींत ते पुरं झाल्यातच जमा आहे. माझ्या मते या ‘ल’चा मूळ धंदा पुरेपणा दाखवण्याचा. वाक्यात दुसरी काही खूण नसली, तर पुरं झालेलं ते आधीचंच असणार, म्हणून आपण त्याला भूतकाळ समजतो. सगळे व्याकरणकार एवढं कबूल करणार नाहीत, पण ‘उद्या आला’चं उत्तर त्यांनाही द्यावं लागतं.

म्हणून शिकणाऱ्याला मी दोन वेगळे प्रश्न विचारायला सांगतो. वाक्यात काल, आत्ता, उद्या यांतलं काय बसतं, हा काळाचा प्रश्न. ‘आणि अजून पुरं झालं नाही’ हे शेपूट जोडता येतं का, हा व्याप्तीचा. एकाचं उत्तर दुसऱ्यावरून काढायला गेलात, की फसलात.

शेवटी आपल्या बोलीचं. ‘काय करायलास?’ ‘जेवायलोय.’ ‘पाऊस पडायलाय.’ पुण्याचा पाहुणा ‘जेवायला’ ऐकून समजतो, की हा जेवण्यासाठी कुठंतरी निघालाय. इथं तो जेवतोच आहे, घास तोंडात आहे. मराठवाड्यानं चालू क्रियेसाठी स्वतःचं रूप घडवलंय, आणि काळ बदलायचा तर तेवढंच शेपूट बदलतं: जेवायलाय, जेवायलता. आधीचा ‘जेवायल’ जागचा हलत नाही. तसंच ‘आलाय’ आणि ‘आलता’. ‘आलाय’ म्हणजे माणूस अजून घरात आहे, चहा टाका. ‘आलता’ म्हणजे येऊन गेला. प्रमाण भाषेत ‘आला आहे’ आणि ‘आला होता’ हे तुटक लिहिलं जातं, म्हणून तिथे दोन तुकडे डोळ्यांना आधी दिसतात; आपल्याकडे ते जुळून गेलेत, एवढाच फरक. गुरुजी ही रूपं वहीत लाल करतात. लाल करण्याआधी त्यांनी पोरांकडून याच शब्दांची फोड करून घ्यावी: ‘आल’ कशाचं, ‘ता’ कशाचं. बारा घरांचा तक्ता फळ्यावर त्यानंतर काढला तरी चालेल.