भाग २३ : बोर्ड काय म्हणतो नाही, काय करायला लावतो

आजचा भाग रेकॉर्ड करताना माझ्या हातात फोन आहे आणि फोनमध्ये एक अल्बम. त्यात सगळे रस्त्यावरचे बोर्ड आहेत, जर्मनीतले, बहुतेक स्टुटगार्टच्या आसपासचे. कामानिमित्त मी इथे आले तेव्हा सांगलीत काढलेलं लायसन्स माझ्याकडे होतं. ते इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, सोबत इंटरनॅशनल परमिट किंवा अधिकृत भाषांतर असेल तर. त्यानंतर लेखी आणि गाडी चालवायची, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. तर हे सहा महिने मी गाडी चालवली आणि जो बोर्ड कळला नाही त्याचा फोटो काढला. चालवता चालवता नाही हं. इथे गाडी चालवताना हातात फोन धरला तर शंभर युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. म्हणून पुढे कुठेतरी गाडी लावायची, चालत मागे यायचं, फोटो काढायचा. सहकारी हसायचे, हसू देत.

सुरुवातीला मी सगळे शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये टाकायचे. पहिला फसलेला फोटो असा: पांढरा गोल, भोवती लाल कडा, म्हणजे वाहनांना बंदी. त्याखाली छोटी पट्टी, ‘आनलीगर फ्राय’. ॲप म्हणालं, ‘रहिवासी मोफत’. आता मोफत काय? टोल? पार्किंग? आणि मी रहिवासी नव्हतेच, मैत्रिणीकडे जेवायला निघाले होते. मी सरळ गाडी वळवली, लांब लावली आणि भर पावसात पंधरा मिनिटं चालत गेले. मैत्रीण म्हणाली, “अगं, दारापर्यंत आणायची ना गाडी! तू माझ्याकडे येत होतीस ना, मग तू पण आनलीगर.” म्हणजे त्या रस्त्यावर ज्याचं कुणाकडे काम आहे तो प्रत्येक जण. राहणारा, पाहुणा, सामान पोचवणारा. बंदी आहे ती मधून पलीकडे निघून जाणाऱ्याला. आणि ‘फ्राय’ म्हणजे इथे फुकट नाही, ‘वरची बंदी यांना लागू नाही’.

त्या दिवसापासून मी शब्दाचा अर्थ लिहिणं सोडलं. प्रत्येक फोटोखाली तीन गोष्टी लिहायला लागले: कुणाला, काय करायचं, कुठपर्यंत. या फोटोखाली आहे, “या रस्त्यावर काम असेल तर जा. नुसतं पलीकडे जायचं असेल तर वळसा घाल.” कोडिंग करणाऱ्यांना कळेल, ही सरळ इफ-एल्स आहे.

यातलं ‘कुठपर्यंत’ मला सगळ्यात उशिरा कळलं. माझ्या अल्बममध्ये एक पिवळा आयताकृती बोर्ड आहे, काळ्या अक्षरात गावाचं नाव. बस. आकडा नाही, बाण नाही, सूचना नाही. त्याचं भाषांतर काय करणार, गावाचं नाव ते गावाचं नाव! आपल्याकडे गावाच्या नावाचा बोर्ड दिसला की आपण म्हणतो, चला आलं, आता चहा घेऊ. इथे त्या बोर्डाचा अर्थ आहे: या खांबापासून ५०. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर १०० ची परवानगी असते, गावाच्या नावापाशी ती ५० होते, आणि आकडा वेगळा लिहीत नाहीत कारण तो सगळ्यांना पाठ असतो असं गृहीत धरलंय. ब्रेक बोर्ड दिसल्यावर मारायचा नाही, बोर्डापाशी वेग ५० झालेला असला पाहिजे. गाव संपतं तिथे तोच पिवळा बोर्ड, पण नावावर तिरपी लाल रेघ. तिथे ५० सुटतं. मधे घरं दिसत नाहीत म्हणून सुटत नाही. मी तीन आठवडे हा बोर्ड फक्त ‘कुठे आलो’ एवढ्यासाठी वाचत होते. मागचे लोक मला ओव्हरटेक का करत नाहीत याचं उलट कौतुक वाटायचं!

आता मुख्य गोष्ट. मी परीक्षेत नापास झाले ती.

पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला, पांढऱ्या कडेचा. हा बोर्ड मला खूप आवडतो. ॲप सांगेल ‘प्राधान्य रस्ता’. करायचं काय? काही नाही. चालत राहा, आजूबाजूच्या गल्ल्यांतून येणारे तुझ्यासाठी थांबतील. कुठपर्यंत? तोच चौकोन काळ्या रेघांनी खोडलेला दिसेपर्यंत, किंवा उलटा लाल त्रिकोण किंवा थांबा असा अष्टकोन येईपर्यंत. म्हणजे एक बोर्ड पाहिला की पुढचे दहा चौक तो तुम्ही डोक्यात घेऊन चालवायचा.

आणि हा चौकोन नसेल तर? सिग्नल नाही, त्रिकोण नाही, काहीच नाही, तर? तर उजवीकडून येणारा आधी जातो. रस्ता रुंद की अरुंद, गाडी मोठी की छोटी, कोण आधी पोचला, काही संबंध नाही. गंमत सांगते, आपल्याकडच्या १९८९ च्या नियमावलीतही हेच होतं: मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर चौकात उजव्या हाताकडून येणाऱ्याला वाट द्या. मी सांगलीत लायसन्स काढताना हे कुणाच्याही तोंडून ऐकलं नाही. आपल्याकडे मोठ्या रस्त्यावरचा जातो आणि छोट्या गल्लीतला नाक काढून बघतो, हे अंगात मुरलेलं असतं.

हा नियम जिथे रोज लागतो ती जागा म्हणजे ३० ची झोन. बोर्डावर ३० चा गोल आणि खाली ‘झोन’ असा शब्द. मी त्याखाली लिहिलं होतं, “३० ने चालव.” आकड्यापुरतं बरोबर, पण अर्धवट. झोन या शब्दाचं पहिलं काम असं की तुम्ही कितीही वळणं घेतलीत तरी ३० राहतं, झोन संपल्याचा राखाडी बोर्ड येईपर्यंत. दुसरं काम तिथे लिहिलेलंच नाही: आत बहुतेक चौकांना बोर्ड नसतात, म्हणून प्रत्येक चौकात उजवीकडे बघायचं.

परीक्षेच्या दिवशी मी अशाच झोनमध्ये होते. शेजारी ट्रेनर, त्याच्या पायाशी वेगळे पेडल, मागे परीक्षक. २८ चा वेग. दोन चौक व्यवस्थित गेले, हळू केलं, उजवीकडे पाहिलं. तिसऱ्या चौकात उजवीकडच्या गल्लीच्या तोंडाशी निळा आडवा बोर्ड, पांढरा बाण, ‘आइनबानश्ट्रासे’. एकेरी मार्ग, बाण माझ्यापासून दूर आत जाणारा. मी मनात हिशेब केला: तिकडून कुणी बाहेर येऊच शकत नाही. मग हळू कशाला? पाय ॲक्सिलरेटरवरच राहिला.

आणि गाडी धाडकन थांबली. ब्रेक मी मारला नव्हता. समोरून, अक्षरशः बॉनेटच्या पुढून, एक बाई सायकलवर गेल्या, मागच्या सीटवर हेल्मेट घातलेलं लहान मूल. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघायची गरजच नव्हती, त्या उजवीकडून येत होत्या.

ट्रेनरला ब्रेक मारावा लागला की तिथे परीक्षा संपली. परीक्षक शांतपणे म्हणाले, गाडी बाजूला घ्या.

संध्याकाळी मी चालत परत त्या चौकात गेले आणि फोटो काढला. निळ्या बोर्डाखाली छोटी पांढरी पट्टी आहे: सायकलचं चित्र आणि दोन विरुद्ध दिशांना बाण. सायकलींना या गल्लीतून उलट्या बाजूनेही यायला परवानगी आहे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेले, तिथे लाल ‘प्रवेश बंद’ आणि खाली सायकल, ‘फ्राय’. तोच फ्राय! मी आधीही असे बोर्ड पाहिले होते आणि सोडून दिले होते, कारण माझ्या मते ते सायकलवाल्यांसाठी होते. परवानगी त्यांना आहे, हे खरं. पण त्या परवानगीमुळे काम मला लागतं. सायकल तिथून कायदेशीरपणे येणार असेल तर बिनबोर्डाच्या चौकात उजवीकडून येणारी म्हणून तीच आधी जाणार. माझ्या तीन गोष्टींतली पहिली, ‘कुणाला’, मी चुकीची वाचत होते. बोर्डावर कुणाचं चित्र आहे ते बघत होते. त्यामुळे कुणाला थांबायला लागणार ते बघायचं राहून जात होतं.

नापास झाल्यावर पुन्हा परीक्षेला साधारण दोन आठवडे थांबावं लागतं. ते दोन आठवडे मी रोज संध्याकाळी पायी फिरले, बोर्ड नसलेल्या चौकांचे फोटो काढत. मग नवीनच घोळ सुरू झाला. मी आता प्रत्येक फटीसाठी थांबायला लागले! सरावात एका सोसायटीच्या पार्किंगमधून निघणाऱ्या गाडीसाठी थांबले, तर ट्रेनर वैतागला. पार्किंग, घराचं आवार, पायी चालणाऱ्यांची गल्ली, यातून बाहेर येणाऱ्याला उजवीकडून येण्याचा हक्क नसतो, त्यानेच सगळ्यांना वाट द्यायची. पण लांबून गल्ली आणि आवार सारखंच दिसतं, मग ओळखायचं कसं? त्याने खाली बोट दाखवलं. फुटपाथची कड बघ. गल्ली खरी रस्ता असेल तर फुटपाथ तिथे तुटतो आणि डांबर सलग आत वळतं. आणि फुटपाथची कड फक्त खाली दाबून आडवी तशीच पुढे गेली असेल, तर आतून येणारा ती ओलांडून येतो, म्हणजे थांबणार तो. मी इतके दिवस खांबांवर बघत होते, आणि निम्मं लिहिलेलं जमिनीवर होतं. अर्थात कड बर्फाखाली किंवा पानांखाली गेली की दिसत नाही. काही जागी तर इथल्या लोकांचंही एकमत होत नाही. तिथे ट्रेनरचा सल्ला एकच: वेग कमी, डोळ्यात डोळे घालून बघ, तो थांबला असं दिसलं तरच जा.

दुसरी परीक्षा मी पास झाले. त्याच झोनमधून नेलं, चौक दुसरा होता. उजवीकडे पुन्हा एकेरी गल्ली. मी पट्टी बघितली, सायकलचं चित्र होतं, वेग दहाच्या आसपास आणला. कुणीच आलं नाही. मागून परीक्षकांचा पेन कागदावर फिरल्याचा आवाज आला आणि मला घाम फुटला, काय लिहिलं असेल म्हणून. शेवटी त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की मी हायवेला लागताना जरा जास्त घाबरले.

ते फोटो, खाली लिहिलेल्या ओळींसकट, या भागासोबत टाकतेय. एकसष्ट नंबरचा फोटो बघून बऱ्याच जणांनी विचारलंय, चुकून काढला का? त्यात नुसता रिकामा चौक आहे, ना बोर्ड ना गाडी. चुकून नाही काढला. त्याखाली लिहिलंय, “उजवीकडे बघ. झोन संपेपर्यंत.”

तुमच्याकडे दुबई, कॅनडा, जपान, कुठलाही असा न कळलेला बोर्ड असेल तर फोटो पाठवा. गाडी लावून काढलेला. पुढच्या भागात पार्किंगची निळी पुठ्ठ्याची घड्याळं. तिथेही मी एकदा दंड भरलाय. भेटू!