बादली लवकर संपली म्हणजे खत पोचलं असं नाही

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: ठिबकमधून विद्राव्य खत सोडताना ते किती पाण्यात विरघळवायचं? पुडीवर किलो लिहिलेलं असतं, पाण्याचं काही नसतं. आज फक्त हेच बघू, आमच्या काकांच्या नारायणगावजवळच्या २० गुंठे टोमॅटोवर.

काकांची पद्धत अशी होती. २ किलो १९:१९:१९, २० लिटरच्या बादलीत कालवायचं, व्हेंचुरीची नळी आत सोडायची. बादली रिकामी झाली की आणखी पाच मिनिटं मोटार, मग बंद. "खत गेलं ना सगळं, झालं की मग," हे त्यांचं म्हणणं. पण प्रत्येक नळीच्या शेवटाकडची झाडं फिकट दिसायची. काकांना वाटायचं तिकडची जमीनच हलकी आहे.

आता मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे आधी मोजूया म्हटलं. तीन मापं लागतात.

पहिलं, ड्रिपर खरंच किती पाणी देतो. कंपनी सांगते तासाला २ लिटर. पण शेताच्या वेगवेगळ्या भागांतले दहाएक ड्रिपर निवडून त्यांच्याखाली वाट्या ठेवा आणि बरोबर ३ मिनिटांनी पाणी मोजा. १०० मिली आलं तर तासाला २ लिटर. आमच्याकडे सरासरी ९० मिली आलं, म्हणजे १.८ लिटर. बेड ५ फुटांवर, नळी साधारण १३०० मीटर, दर ४० सेंटिमीटरला ड्रिपर, म्हणजे ३२५० ड्रिपर. गुणाकार केला की तासाला ५८५० लिटर.

दुसरं, व्हेंचुरी किती ओढते. बादलीत २० लिटर साधं पाणी घ्या आणि घड्याळ लावा. आमच्याकडे १० मिनिटांत संपलं, म्हणजे तासाला १२० लिटर. हे माप त्याच प्लॉटचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून घ्यायचं, कारण व्हेंचुरी दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावर ओढते. प्लॉट बदलला किंवा फिल्टर तुंबला की आकडा बदलतो.

तिसरं माप कोणी घेतच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. खताचं पाणी शेवटच्या ड्रिपरला किती वेळाने पोचतं? साधा ईसी मीटर घेऊन मी शेवटच्या ड्रिपरपाशी बसलो, काकांनी खत सुरू करताना फोन केला. मीटरचा आकडा वर चढायला १४ मिनिटं लागली. नळीच्या टोकाकडे पाणी फार हळू सरकतं, कारण तिथे पुढे मोजकेच ड्रिपर उरलेले असतात.

आता काकांचा हिशोब लावून बघा. बादली १० मिनिटांत संपली, वर ५ मिनिटं मोटार, एकूण १५. शेवटच्या झाडाला खताचं पाणी मिळालं जेमतेम एक मिनिट! बाकीचं नळीत राहिलं आणि मोटार बंद झाल्यावर सखल जागेच्या ड्रिपरमधून गळलं. पुढच्या झाडांना मात्र उलटं. १० मिनिटांत शेतात ९७५ लिटर पाणी जातं, त्यात २ किलो खत, म्हणजे लिटरला २ ग्रॅमहून जास्त. कोवळ्या मुळांना हे जड जातं.

म्हणून हिशोब वेळेपासून सुरू करायचा. खत अर्धा तास सोडायचं ठरवलं. व्हेंचुरी अर्ध्या तासात ६० लिटर ओढते, तर ते २ किलो ६० लिटर पाण्यात विरघळवायचं. लिटरला ३३ ग्रॅम झालं. खत तेवढंच, पाणी तिप्पट. तेवढ्या वेळात शेतात २९२५ लिटर पाणी जातं. २ किलोत नत्र १९ टक्के, म्हणजे ३८० ग्रॅम. भागाकार केला की साधारण १३० पीपीएम नत्र.

कुणी तुम्हाला किलोऐवजी थेट पीपीएम सांगितलं, तर उलटं जा:

```
g_per_litre = ppm * system_lph / (venturi_lph * n_percent * 10)
```

१०० पीपीएम हवं असेल तर १०० × ५८५० भागिले (१२० × १९ × १०), म्हणजे लिटरला साधारण २६ ग्रॅम.

आता काकांचं वेळापत्रक असं: नळ्या भरून दाब स्थिर होईपर्यंत १० मिनिटं साधं पाणी, ३० मिनिटं खत, मग २० मिनिटं पुन्हा साधं पाणी. शेवटचा आकडा १४ पेक्षा कमी नको. पण तासभरही नको, नाहीतर नायट्रेट मुळांच्या खाली धुऊन जातं.

बादलीऐवजी २०० लिटरचा ड्रम आणला आणि त्यावर ६० लिटरची खूण केली. ती खूणच आता मीटरचं काम करते. ६० लिटर संपायला ३० ऐवजी ४० मिनिटं लागली की काका आधी फिल्टर उघडून बघतात. ड्रममध्ये उलटं पाणी चढायला लागलं तर व्हेंचुरीवरचा दाबातला फरकच गेलाय, तेव्हा तिच्या बायपासचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा.

आणि कॅल्शियम नायट्रेट या ड्रममध्ये १९:१९:१९ बरोबर टाकू नका. त्यातल्या स्फुरदाशी मिळून पांढरा साका होतो आणि ड्रिपर बुजतात. त्याचा दिवस वेगळा ठेवा, ६० लिटरची खूण तीच चालते.