वाटेतले दोन कुकर

इंदूरच्या दुकानातून भोपाळच्या शाखेला 40 कुकर निघाले. चलन झालं, टेम्पो सुटला. आता हे कुकर कोणाच्या साठ्यात? दोघांच्याही नाही. इंदूरमधून 40 वजा करून ते ‘वाटेतला माल’ या तिसऱ्या खात्यात जमा करायचे.

भोपाळला मोजले तर 38 भरले. मग पोच 38 चीच द्यायची, चलनावर 40 असले तरी. फौजेच्या भांडारात आम्हीही मोजल्याशिवाय सही करत नसू. वाटेतल्या खात्यात 2 उरतात, ते तसेच दिसू द्या. इंदूरने ती पोच तपासून आपलीही सही करायची आणि शोध घ्यायचा. चढवलेच 38 असतील, तर 2 इंदूरच्या साठ्यात परत घ्यायचे. वाटेत हरवले असतील, तर नुकसानीत टाकायचे.