वेबसाइटवाल्याला काय लिहून द्यायचं?

पहिल्यांदाच दुकान टाकलं आणि वेबसाइट करायची म्हटलं, की एजन्सी सांगते, "तुम्हाला काय पाहिजे ते लिहून पाठवा." मग लोक लिहितात, "ॲमेझॉनसारखी साइट, हिरवा रंग, मोठा लोगो." मी सॉफ्टवेअरवाला माणूस. यातून मला रंग कळतो, धंदा कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या अर्जुनी मोरगावात एका ताईंनी तांदळाचं दुकान टाकलंय. त्यांनी कागदावर सगळ्यात आधी लिहावं, की आज ऑर्डर येते कशी. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर विचारतं, "एचएमटी आहे का? नवा की जुना? काय भाव?" जुना तांदूळ मोकळा शिजतो, म्हणून त्याचा भाव वेगळा. एवढं वाचलं की डेव्हलपरला कळतं, एकाच तांदळाखाली नवा-जुना आणि ५, १०, २५ किलो असे पर्याय द्यायचेत. दिवाळीनंतर नवा माल आला की भाव हलतात. म्हणून हेही लिहायचं, "भाव मी स्वतः मोबाइलवरून बदलणार." नाहीतर दर वेळी एजन्सीला फोन करावा लागतो.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक कुठलं? "सगळे" असं लिहू नका. ताईंचे दोन गट आहेत. एक तालुक्यातला, म्हणजे नवेगावबांध, गोठणगाव वगैरे. तिथे माल स्वतःच्या गाडीने जातो, पैसे पोचल्यावर मिळतात. दुसरा गट पुण्या-नागपुरात नोकरीला गेलेल्या आपल्याच लोकांचा. त्यांना कुरिअर.

खरा घोटाळा इथेच होतो. बऱ्याच तयार साइटवर डिलिव्हरी चार्ज सरसकट एकच लावलेला असतो, समजा ८० रुपये. आता हिशोब करा. तांदूळ ६० रुपये किलो धरला, तर २५ किलोचं पोतं झालं १५०० रुपयांचं. कुरिअर ४० रुपये किलो धरलं, तर खर्च १००० रुपये. गिऱ्हाईकाकडून आले ८०. म्हणजे एका पोत्यामागे ९२० रुपये ताईंच्या खिशातून गेले, आणि जितका खप जास्त तितका तोटा जास्त!

म्हणून कागदावर स्पष्ट लिहायचं: "२५ किलो फक्त तालुक्यात. बाहेर ५ आणि १० किलोच, चार्ज वजनाप्रमाणे. पैसे पोचल्यावर, ही सोय फक्त तालुक्यात." ही तीन वाक्यं लोगोपेक्षा महत्त्वाची आहेत, कारण एजन्सीचं कोटेशनही यावरच ठरतं.

आणि शेवटी, साइट तपासायची कशी तेही त्याच कागदावर टाका. साधा मोबाइल घ्या, २५ किलोचं पोतं कार्टमध्ये टाका आणि कोथरूडचा पिन ४११०३८ भरा. साइटने ऑर्डर घेतली, तर काम अपुरं आहे. मग १० किलो टाकून बघा. चार्ज ५ किलोइतकाच दिसला, तरी अपुरंच. हे दोन्ही बरोबर आलं, की मगच शेवटचा हप्ता द्यायचा.